परत गेलेला ट्रॉलीभर माल: तीन एकर मिरचीच्या प्लास्टिकचं प्रकरण

शेतातलं वापरलेलं प्लास्टिक जिथे उतरतं, त्या केंद्रावर माल तपासायचं काम मी करतो. ट्रॉली आली की आधी वजन, मग दोन-तीन ठिकाणी हात घालून बघायचं आणि घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. परत पाठवलेला माल सहसा डोक्यातून जातो. हा गेला नाही. शेतकऱ्याने सगळं गोळा करून आणलं होतं, काही जाळलं नव्हतं, काही बांधावर फेकलं नव्हतं. तरीही त्यातलं किलोभरसुद्धा मला घेता आलं नाही.

ट्रॉलीत तीन गोष्टी होत्या. तळाशी मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर, उंच वाफ्यांवर, अंथरायचा २५ मायक्रॉनचा चंदेरी-काळा प्लास्टिकचा कागद, चिखलासकट चुरगाळून कोंबलेला. त्यात गुंतलेल्या ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या इनलाइन लॅटरल नळ्या. आणि वर, मधे, जिथे जागा मिळेल तिथे फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन, एकूण ६४. बाटल्यांचं सगळं वजन सहा किलोच्या आसपास. चारशे किलोंवर असलेला पेपर नाकारला गेला तो या सहा किलोंमुळे.

एका कॅनचं झाकण निघालेलं होतं आणि त्यातून पांढरट थेंब पेपरच्या घडीत उतरले होते. बाटली धुता येते, पेपर तसा धुता येत नाही. औषध मातीला आणि मातीसकट पेपरला धरून बसतं. पुढे कारखान्यात पेपर धुतला की ते धुण्याच्या पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी दिवसभर फिरवून वापरलेलं असतं. शिवाय पेपर वितळवून केलेल्या दाण्यापासून पिशवी, ताडपत्री, घरगुती वस्तू काहीही बनू शकतं. औषधाच्या बाटल्यांचं प्लास्टिक मात्र ठरावीक वस्तूंनाच वापरायचं असतं, जसे जमिनीखाली गाडायचे निचऱ्याचे पाइप. खाण्यापिण्याशी किंवा खेळण्यांशी संबंध येईल अशा कशातही ते जाता कामा नये. दोन्ही एकत्र झाले की पुढे कोणालाच वेगळे करता येत नाहीत.

"काका, बाटल्या धुतल्या होत्या का?" मी विचारलं.

"धुतल्या की. हंगाम संपल्यावर सगळ्या एकदम हौदावर नेऊन खळबळल्या."

चुकलं ते इथेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेतावर गेलो. एक तर हौदाचं ते पाणी कुठे गेलं ते बघायचं होतं, आणि वजनाच्या पावतीवरचा एक आकडा मला जुळत नव्हता.

बाटल्यांचं आधी सांगतो. औषध ओतून झाल्यावर बाटली उलटी धरली आणि धार तुटून थेंब पडायला लागल्यावर आणखी अर्धा मिनिट थांबलं, तरी लिटरच्या बाटलीत काही मिलिलिटर औषध आतल्या भिंतीला चिकटून राहतं. हिशोबासाठी १० मिलिलिटर धरू. त्याच वेळी, फवारणीचा पंप भरताना, बाटलीत पाव भाग म्हणजे २५० मिलिलिटर पाणी घेतलं, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवलं, ते पाणी पंपातच ओतलं आणि पुन्हा नीट निथळू दिलं, तर मागे राहिलेल्या १० मिलिलिटरमध्ये औषध उरतं साधारण ०.४ मिलिलिटर. दुसऱ्यांदा तेच केलं की ०.०१५. तिसऱ्यांदा ०.०००६. आता तेच ७५० मिलिलिटर पाणी एकदम घालून एकदाच खळबळलं तर ०.१३ मिलिलिटर औषध राहतं. पाणी तेवढंच, पण उरलेलं औषध दोनशे पटींहून जास्त. तीनदा धुवायला सांगतात ते या गुणाकारासाठी. तीनऐवजी एकदा भरपूर पाण्याने धुतलं तर चालतं, असा समज मी जवळजवळ प्रत्येक शेतावर ऐकतो.

काकांच्या बाटल्यांचं दुखणं आणखी पुढचं होतं. हंगाम सात महिन्यांचा, त्यामुळे पहिल्या फवारणीच्या बाटल्या धुवेपर्यंत अर्धं वर्ष उलटलेलं. तोवर आतलं औषध वाळून पापुद्रा धरतं, विशेषतः दाट दुधासारख्या प्रवाही औषधांचं. बाटलीच्या खांद्यापाशी आणि कॅनच्या पोकळ मुठीत ते असं बसतं की साध्या पाण्याने सुटत नाही. मी त्यातल्या एका कॅनमध्ये कपभर पाणी घालून हलवलं. पाणी दुधासारखं झालं. म्हणजे कॅन धुतलेला नाही. वास घेऊन तपासणारे लोक मी पाहिलेत. ते कधीही करू नये. पाणी घालायचं, हलवायचं आणि रंग बघायचा.

आणि हौदाचं पाणी? ते बांधाकडच्या चरात सोडलं होतं. पंपात ओतलं असतं तर तेच औषध पिकावर गेलं असतं. ज्यासाठी पैसे मोजले तेच चरात गेलं.

आता न जुळणारा आकडा. तीन एकरांत दीड मीटर अंतरावर बेड, म्हणजे बेडची एकूण लांबी ८,००० मीटर. पेपर १.२ मीटर रुंद. चारशे मीटरचे वीस रोल लागले होते आणि २५ मायक्रॉनचा असा रोल ११ किलोचा भरतो. म्हणजे शेतात गेला २२० किलो पेपर. माझ्या काट्यावर पेपरचा ढीग, नळ्या आणि बाटल्या बाजूला काढल्यावर, ४२५ किलो भरला. बघणाऱ्याला वाटावं की सगळा पेपर आला, वर माती आली. पण त्यातला पेपर किती ते वजनावरून कळत नाही. ते कळायला एकच साधी पद्धत आहे. ढिगात चार ठिकाणांहून मिळून एक किलो नमुना घ्यायचा, बादलीत धुवायचा, सुकवायचा आणि परत तोलायचा. तो भरला ४०० ग्रॅम. म्हणजे ४२५ किलोंत पेपर १७० किलो, बाकी माती, मुळ्या, पाला आणि पाणी. मग ५० किलो पेपर गेला कुठे?

रोपांसाठी पाडलेल्या छिद्रांच्या चकत्यांनी एवढा फरक पडत नाही. दीड फुटावर एक रोप धरलं तर सुमारे १८,००० छिद्रं. सहा सेंटिमीटर व्यासाच्या एवढ्या चकत्यांचं वजन होतं जेमतेम सव्वा किलो. (त्या चकत्या वाऱ्याने बांधाबाहेर जातात आणि वेचता येत नाहीत, हे वेगळं. छिद्र पाडणाऱ्याच्या कमरेला पिशवी असावी.)

उत्तर बेडच्या कडेला पायाने उकरल्यावर मिळालं. मातीत पुरलेली काळी पट्टी जशीच्या तशी होती, लवचीक आणि अखंड. पेपर अंथरताना दोन्ही बाजूंना १४-१५ सेंटिमीटर कड मातीत दाबतात. दोन्ही मिळून २८ सेंटिमीटर, म्हणजे १२० सेंटिमीटरच्या २३ टक्के. आणि २२० किलोंतले ५० किलो म्हणजेही २३ टक्केच. काढताना मधला भाग हातात आला होता आणि दोन्ही कडा जवळपास सगळीकडे जमिनीतच राहिल्या होत्या.

फाटलं नेमकं कुठे तेही दिसत होतं. कड मातीत शिरते त्या रेषेवर. मातीखालच्या भागाला ऊन लागत नाही म्हणून तो शाबूत राहतो. वरचा भाग उन्हाने जुना होतो. दोघांच्या सीमेवर ओढ पडली की उन्हाने थकलेली बाजू तुटते. पेपर थकलाय का हे काढण्याआधीच कळतं. बेडच्या माथ्यावरून बोटभर रुंदीची पट्टी कापायची आणि दोन्ही हातांनी हळू ताणायची. चांगला पेपर च्युइंगमसारखा लांबत जातो. थकलेला जरा ताणला की तुटतो. काकांच्या शेतातला बोटभरही लांबला नाही.

एवढा लवकर का थकला, याची दोन कारणं मला दिसली. शेवटच्या तोडणीनंतर झाडं वाळली, पानं गळली आणि पेपर उघड्या उन्हात दोन महिने तसाच पडून राहिला. पीक उभं असेपर्यंत सावली असते, ती गेली की पेपरचं वय झपाट्याने वाढतं. दुसरं कारण गंधक. भुरी आणि कोळीसाठी त्यांनी गंधकाच्या फवारण्या बऱ्याच केल्या होत्या. पेपर उन्हात टिकावा म्हणून त्यात जे स्थिरक घालतात, त्यांच्यातल्या एका मोठ्या गटाला गंधक आणि क्लोरीन असलेली औषधं निकामी करतात. पिकाला गंधक लागतंच, तिथे इलाज नाही. पण मग पेपर जरा जाड घ्यायचा आणि तोडणी संपल्यावर थांबायचं नाही, हे मनात धरायला हवं.

पन्नास किलो म्हणजे एकरी साडेसोळा किलो. ऐकायला फार वाटत नाही. ज्या देशात मल्चिंग सगळ्यात जास्त वापरलं जातं त्या चीनने शेतजमिनीत उरलेल्या पेपरची मर्यादा हेक्टरी ७५ किलो ठरवली आहे, म्हणजे एकरी ३०. काकांच्या वेगाने दोन हंगामांत ती ओलांडली जाते. चीनमध्ये हे दुखणं वाढलं त्यात पातळ पेपरचा मोठा वाटा होता. तो इतका पातळ असे की अखंड निघतच नसे. २०१७च्या मानकाने तिथे किमान जाडी ०.०१० मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन केली. माझ्या अनुभवात १० मायक्रॉनचा पेपरसुद्धा सात महिन्यांच्या पिकानंतर हाताने पूर्ण निघत नाही.

जमिनीत राहिलेल्या पट्ट्या कुजत नाहीत. रोटाव्हेटर फिरला की त्यांचे तळहाताएवढे तुकडे होतात, पुढच्या वर्षी बोटाएवढे, आणि मग ते वेचण्यापलीकडे जातात. म्हणून मी काकांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की या शेतात आत्ता रोटाव्हेटर घालू नका. आधी कुळवाची पास कडेखालून फिरवा, पट्ट्या वर येतील तेवढ्या लांबच्या लांब ओढून काढा. त्यातून पुढच्या आठवड्यात बरंच निघालं. पण पहिल्या सहा बेडांवर रोटाव्हेटर आधीच फिरून गेला होता. तिथे चिंध्याच मिळाल्या.

लॅटरलबद्दल थोडक्यात. पेपर आणि नळ्या मजुरांनी एकत्रच ओढल्या होत्या, म्हणून त्या पेपरात पिळल्या गेल्या आणि ठिकठिकाणी तुटल्या. खरं तर ८,००० मीटरपैकी टाकाऊ झालेल्या २,४०० मीटरच होत्या. ड्रिपर क्षाराने बुजलेले, काही उंदरांनी कुरतडलेल्या. या जाडीची नळी मीटरला ४४ ग्रॅम भरते, म्हणजे १०५ किलो चांगलं काळं पॉलिथिलीन. कारखान्याला हे पेपरपेक्षा जास्त आवडतं, कारण जाड असतं आणि माती बाहेरूनच असते. पण ते नुसतंच हवं. काकांच्या नळ्यांना एंड कॅप, रबरी ग्रोमेट आणि जोडण्या तशाच होत्या, आणि मधे सबमेनचे करड्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. पीव्हीसी पॉलिथिलीनमध्ये गेला तर वितळवण्याच्या उष्णतेत करपतो आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. दाणा खराब होतो आणि यंत्राचं लोखंड खातं ते वेगळंच. तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर स्वच्छ करून पाण्याच्या बादलीत टाकायचा. पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी बुडतो. नळीचा तुकडा उभा चिरून टाकायचा मात्र, नाहीतर आतली हवा किंवा गाळ फसवतो. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर असतील तर एक कापून बघावा. आत सिलिकॉनची लवचीक चकती असते, ती वितळत नाही आणि गाळणीत अडकते. अशा नळ्यांचा गठ्ठा वेगळा ठेवून तसं सांगितलं की झालं. काकांच्या साध्या होत्या.

पुढच्या हंगामाला काय बदललं ते आता सांगतो, कारण शेत तेच, पीक तेच आणि माणसंही तीच.

पेपर ३० मायक्रॉनचा घेतला. तेवढ्याच वीस रोलांचं वजन झालं २६५ किलो. शेवटच्या तोडणीनंतर आठवड्याच्या आत झाडं काढायचं ठरलं. झाडं उपटली की मुळ्यांना पेपर फाटतो, म्हणून विळ्याने बुंध्याशी कापून शेताबाहेर नेली आणि वाळलेला पाला झाडूने बेडवरून उतरवला. ठिबक बंद करून जमीन इतकीच वाळू दिली की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो. याहून ओली असली तर चिखल चिकटतो, याहून कोरडी असली तर ढेकळं कड धरून ठेवतात. मग ट्रॅक्टरला पास लावून दोन्ही कडांखालून पंधरा सेंटिमीटर खोल फिरवली. पेपर न ओढता कडा आपोआप सुटल्या.

पहिल्या दिवशी तरी फसलंच. सकाळी लवकर सुरुवात केली, दव होतं, वरची धूळ ओली होऊन पेपरला सारवल्यासारखी बसली. चार बेड काढून थांबलो आणि दुपारी अकरानंतर परत लागलो. त्यानंतर काम सरळ चाललं. दोघांनी दोन्ही कडा धरून पेपर उलटा करायचा आणि बेडवरच खालची बाजू वर करून दोन-तीन तास उन्हात ठेवायचा. तेवढ्यात चिकटलेली माती वाळून पापुद्रे धरते. मग झटकायचं आणि पाइपच्या तुकड्यावर गुंडाळायचं. संध्याकाळी उलटा केलेला पेपर रात्रभर ठेवला तर वारा नेतो, म्हणून गुंडाळून होईल तेवढाच उलटा करायचा. गठ्ठे बांधायला सुतळी किंवा तार नाही, पेपरचीच पट्टी. सुतळी कारखान्यात गाळणीत अडकते आणि तारेने पातं मोडतं.

नळ्या पेपर निघाल्यावर, मोकळ्या बेडवरून काढल्या. दोन्ही टोकं उघडी करून पाणी निथळू दिलं, चांगल्या नळ्यांची वेटोळी शेडमध्ये ठेवली आणि टाकाऊ नळ्यांच्या कॅप-ग्रोमेट काढून नळीच्याच तुकड्याने बांधल्या.

बाटल्यांची जागा फवारणीचं औषध कालवतात तिथेच केली. पत्र्याखाली कुलपाची पेटी, त्यात दोन पोती, एकात बाटल्या आणि एकात झाकणं, कारण झाकण बहुधा दुसऱ्या प्लास्टिकचं असतं. हातमोजे आणि चेहऱ्यावर आडोसा घालून पंप भरतानाच तीनदा खळबळायचं. तोंडावरच्या चांदीच्या पापुद्र्यालाही औषध लागलेलं असतं, तो त्याच पाण्यात धुवायचा. मग बाटलीच्या तळाला खिळ्याने दोन भोकं, म्हणजे ती परत कशासाठीही वापरता येणार नाही. भोक लेबलवर पाडायचं नाही, बाटलीत काय होतं ते वाचता आलं पाहिजे. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या २००८च्या मार्गदर्शिकेत असं नीट धुतलेलं रिकामं पॅकिंग घातक नसलेला कचरा म्हणून धरता येईल असं म्हटलं आहे. ब्राझीलने तर २०००च्या कायद्याने रिकाम्या बाटल्या खरेदीपासून वर्षाच्या आत परत आणणं शेतकऱ्यावर आणि त्या पुढे नेणं उत्पादकांवर बंधनकारक केलं. मी ज्या केंद्रावर बसतो तिथेही कसोटी तीच, कपभर पाणी घालून हलवायचं.

आधीच्या ६४ बाटल्यांपैकी बऱ्याचशा सावकाश निस्तरल्या. ज्या औषधाची फवारणी पुढे पुन्हा होणार होती त्यांच्या बाटल्या त्या-त्या फवारणीच्या आदल्या रात्री पाण्यात भिजत घालून फवारणीच्या दिवशी धुतल्या आणि पाणी त्याच औषधाच्या पंपात घातलं. पाणी शेवटपर्यंत पांढरंच राहिलेल्या नऊ बाटल्या झाकण लावून वेगळ्या ठेवल्या आणि घातक कचरा म्हणून गेल्या. त्यांना पुनर्वापराची वाट नाही.

या वेळी ट्रॉलीत तीन ढीग वेगळे होते आणि बाटल्या तर ट्रॉलीत नव्हत्याच, त्यांची पोती वेगळ्या फेरीत आली. पेपर ३५५ किलो भरला. किलोभर नमुना धुऊन सुकवला तर ७०० ग्रॅम. म्हणजे जवळपास २४८ किलो पेपर, घातलेल्या २६५ पैकी. शेतात राहिला सतरा किलो, एकरी सहाहून कमी. हाताने काढलेल्या पेपरात ३० टक्के माती म्हणजे मी चांगला माल म्हणतो.

रोटाव्हेटर फिरलेल्या त्या पहिल्या सहा बेडांवर मात्र अजून चिंध्या निघतात. काकांनी ट्रॅक्टरच्या सीटमागे एक पोतं अडकवलंय. या पेरणीआधीच्या मशागतीत त्यात चार किलो जमलं. आणलं तेव्हा मी नमुना धुवून बघितला, निम्म्याहून जास्त माती होती, आणि तुकडे इतके लहान की कारखान्याच्या धुण्यातून निसटले असते. मी ते पोतं घेतलं नाही. त्याच्यासाठी कचऱ्याची गाडीच उरली होती.